धागा: बिलावर 'लवकर पैसे दिल्यास सवलत' आणि 'उशीर झाल्यास व्याज' लिहावं का? नक्की किती?

छापखानेवाली

नमस्कार मंडळी. आमचं लेबलं आणि पॅकिंगचे खोके छापायचं छोटं युनिट आहे. काम भरपूर आहे, नफाही बरा आहे, पण बँकेत पैसा कधीच नसतो. कागदवाला पंधरा दिवसांत पैसे मागतो, पगार महिन्याला द्यावेच लागतात आणि गिऱ्हाईक मात्र आपल्या सवडीने देतं. मधली खिंड ओव्हरड्राफ्टवर भरून काढतो, त्याचं वर्षाला 14 टक्के व्याज पडतं.

आता मनात असं आहे की सगळ्या बिलांवर छापून टाकावं, 10 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट, मुदत 30 दिवस, त्यानंतर महिन्याला 2 टक्के व्याज. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, पैसे खरंच लवकर येतात का? आणि गिऱ्हाईक चिडून निघून जातं का?

कोपरापासून_नमस्कार

बिनधास्त छापा. 2 टक्के म्हणजे काहीच नाही हो, लाखाला दोन हजार. तेवढ्यात पैसा वीस दिवस आधी हातात येत असेल तर स्वस्तच पडलं. आमच्या लाइनीत सगळेच देतात.

ताळेबंद

कोपरापासून, 'काहीच नाही' म्हणू नका. 2 टक्के हे वर्षाचे नाहीत, वीस दिवसांचे आहेत. लाखाच्या बिलात गिऱ्हाईक 98 हजार देतं, म्हणजे 98 हजार वीस दिवस आधी मिळावेत म्हणून तुम्ही 2 हजार मोजले. वर्षात असे वीस दिवस सव्वाअठरा वेळा येतात, त्या हिशोबाने साधा दर वर्षाला 37 टक्के होतो. ओव्हरड्राफ्ट 14 ला मिळतोय आणि तुम्ही 37 ने पैसा उचलताय.

पण ताई, हा आकडाही तुमच्या उपयोगाचा नाही, कारण त्यात गिऱ्हाईक नाहीतर तिसाव्या दिवशी पैसे देणारच होतं असं धरलंय. तसं होत असतं तर तुम्ही धागा काढलाच नसता. म्हणून आधी हे सांगा, कोण किती माल घेतं आणि प्रत्यक्षात कितव्या दिवशी पैसे देतं? बिलावरची मुदत नको, बँकेत जमा झाल्याची तारीख बघून सांगा.

मी_एक_वाचक

मला जरा वेगळं विचारायचंय. आम्ही माल घेणारे आहोत, एक पुरवठादार आम्हाला अशीच 10 दिवसांत 2 टक्के सूट देतोय. घ्यावी का? की तो अडचणीत आहे म्हणून देतोय आणि उद्या माल बंद करेल?

ताळेबंद

तुमच्या बाजूने गणित अगदी उलटं आहे. बँकेकडून पैसे उचलून सूट घेतलीत तरी फायदा, तुमचा व्याजदर 37 च्या खूप खाली असेल. फक्त देणार असाल तर दहाव्या दिवशी द्या, दुसऱ्या दिवशी दिलेत म्हणून जास्त काही मिळत नाही. आणि दहावा दिवस हुकला तर मग थेट तिसाव्यालाच द्या. पंधराव्या दिवशी पूर्ण रक्कम देणारे लोक मी पाहिलेत, त्यांची सूटही गेली आणि पैसाही आधी गेला.

पुरवठादार अडचणीत आहे का, ते एका सवलतीवरून कळत नाही. पण सूट दर महिन्याला वाढत गेली किंवा माल पोचायच्या आधीच पैसे मागायला लागला, तर मात्र चौकशी करा.

कोपरापासून_नमस्कार

37 वगैरे कागदावर ठीक आहे. पण धंद्यात माणूस टक्केवारी बघत नाही, हातात पैसा आहे की नाही ते बघतो.

छापखानेवाली

ताळेबंद, बँकेचं स्टेटमेंट काढून बसले. नावं देत नाही, क ख ग म्हणते.

महिन्याला साधारण 20 लाखांची बिलं होतात. क एकटा 8 लाखांचा माल घेतो आणि पंधरा दिवसांच्या आसपास पैसे देतोच, कधी फोन करावा लागत नाही. ख ही मोठी कंपनी आहे, 6 लाखांचा माल, मुदत 30 ची पण पैसे येतात 65 च्या पुढेमागे. बाकी 6 लाख म्हणजे सतराशे साठ छोटी गिऱ्हाइकं, त्या सगळ्यांना एकत्र ग म्हणूया, ती साधारण चाळिसाव्या दिवशी देतात.

ताळेबंद

झकास, आता बोलता येतं.

आधी तुमचा पैसा कुठे अडकलाय ते बघू. क कडे कायम 4 लाख पडून असतात, ख कडे 13 लाख आणि ग कडे 8 लाख. एकूण 25. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसा एकट्या ख कडे आहे, जरी माल तो क पेक्षा कमी घेत असला तरी.

आता तुमची 2 टक्के सूट सगळ्यांना दिली तर काय होईल? सगळ्यात आधी ती क घेणार. तो पंधराव्या दिवशी देतच होता, आता दहाव्याला देईल आणि महिन्याला 16 हजार कापून घेईल. बदल्यात तुमचे जेमतेम 1 लाख 33 हजार मोकळे होतील, ज्यावर ओव्हरड्राफ्टचं व्याज महिन्याला साधारण 1,550 वाचेल. 16 हजार देऊन दीड हजार वाचवले.

ग मधले समजा निम्मे घेतील, म्हणजे 3 लाखांची बिलं. तिथे 6 हजार सूट जाईल, 3 लाख मोकळे होतील आणि 3,500 व्याज वाचेल. हेही तोट्यातच, पण क इतकं वाईट नाही.

आणि ख, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो घेणारच नाही. मोठ्या कंपनीत दहा दिवसांत बिल मंजूर होऊन पैसे सुटणं जवळपास अशक्य असतं.

म्हणजे महिन्याला 22 हजार गेले, वर्षाला 2 लाख 64 हजार, आणि मोकळे झाले 4 लाख 33 हजार. हा दर होतो 61 टक्के.

छापखानेवाली

बाप रे. क चा विचारच डोक्यात आला नव्हता.

नाकासमोर

+1 ताळेबंद. सवलत नेहमी चांगलं गिऱ्हाईकच घेतं, कारण त्याच्याकडे पैसा असतो म्हणूनच तो वेळेवर देतो. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला 2 द्या नाहीतर 5 द्या, त्याला घेताच येत नाही.

कोपरापासून_नमस्कार

मग दर 2 टक्क्यांनी वाढवायचा आणि मग सूट द्यायची, आहे काय त्यात. आम्ही तसंच करतो. जो लवकर देतो त्याला जुना दर आणि जो रेंगाळतो तो आपोआप जास्त देतो, दंडाचं नावही काढावं लागत नाही.

नाकासमोर

हे तुमच्या मालाला चालत असेल. जिथे तीन जणांकडून कोटेशन मागवतात तिथे खरेदीवाला वरचा दर बघतो, खाली सवलतीची ओळ लिहिलीय ते बघतच नाही. 2 टक्क्यांनी महाग दिसलात की यादीतून बाहेर. आणि जुन्या गिऱ्हाइकाला कळतं बरं का, गेल्या महिन्याचं बिल त्याच्या फायलीत असतं.

कोपरापासून_नमस्कार

आमची गिऱ्हाइकं दहा वर्षांची आहेत, कोटेशन वगैरे कोणी मागत नाही. तुमचं तुम्ही बघा.

पलीकडच्या_टेबलावरून

मी बरीच वर्षं एका मोठ्या कंपनीत पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या विभागात काढली, म्हणजे छापखानेवाली ताईंच्या 'ख' मध्ये टेबलाच्या पलीकडे बसायचो. तिथे काय चालतं ते सांगतो, म्हणजे बऱ्याच गोष्टींचा उलगडा होईल.

तुमच्या बिलाच्या तळाशी काय छापलंय ते तिथे कोणीही वाचत नाही. सिस्टीममध्ये प्रत्येक पुरवठादाराच्या नावापुढे मुदतीचा एक कोड भरलेला असतो, तो तुमच्या खात्याचं पहिलं रजिस्ट्रेशन झालं तेव्हाच भरला गेला. बिलाची तारीख टाकली की देय तारीख मशीन काढतं. तुम्ही लाल शाईत 'व्याज 2 टक्के' लिहा नाहीतर कविता लिहा, कोड बदलत नाही. कोड बदलायचा तर खरेदी विभागाने ऑर्डरमध्ये अट बदलून फायनान्सला कळवावं लागतं. म्हणून सवलत काय आणि व्याज काय, बोलणी ऑर्डर निघायच्या आधी करायची आणि अट ऑर्डरवर आली पाहिजे. बिलावर ती फक्त आठवण म्हणून असते.

दुसरं म्हणजे पैसे रोज सुटत नाहीत. आमच्याकडे महिन्यात दोनदा पेमेंट रन व्हायचा. दहाव्या दिवसाची सवलत असेल आणि रन बाराव्या दिवशी असेल तर कितीही मनात असलं तरी सवलत हुकणार. मोठ्या गिऱ्हाइकाला सवलत द्यायची तर त्याचा रन कधी असतो ते विचारून त्याप्रमाणे दिवस ठरवा. 15 किंवा 20 दिवस दिलेत तर निदान शक्य तरी होतं.

आणि तिसरं, जे सगळ्यात महत्त्वाचं. 65 दिवस लागतात म्हणजे ते मुद्दाम लावतायत असं नाही. निम्म्या वेळा बिल अडकलेलं असतं. ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, या तिन्हींचे आकडे जुळले तरच बिल पुढे जातं. ऑर्डरवर 10,000 खोके आणि तुम्ही 10,200 पाठवलेत (छपाईत थोडं जास्त निघतंच), की बिल 'होल्ड' वर. तो होल्ड उठवायचं काम खरेदीवाल्याचं असतं आणि त्याला त्यात काडीचा रस नसतो. पुरवठादाराला कोणी कळवतही नाही. मुदत उलटून गेल्यावर तुमचा फोन येतो तेव्हा आम्ही बघायचो की अरे, हे तर पहिल्या आठवड्यापासून पडून आहे.

अशा बिलावर सवलत देऊन काही होत नाही आणि व्याज लावूनही काही होत नाही.

छापखानेवाली

10,200 चं उदाहरण तुम्ही माझ्या चलनावरूनच उचललंत की काय असं वाटलं. आमच्याकडे दोन ते तीन टक्के जास्त माल निघतो आणि आम्ही तो सरळ पाठवतो, बिलही त्याचंच करतो!

मग मी काय विचारू त्यांना? आणि कधी?

पलीकडच्या_टेबलावरून

माल पोचल्यावर सातव्या आठव्या दिवशी फोन करा, पैसे मागायला नाही. फक्त एवढंच विचारा की अमुक नंबरचं बिल सिस्टीमला बुक झालं का आणि देय तारीख काय दिसतेय. समोरचा माणूस आनंदाने सांगतो, कारण तुम्ही त्याच्याकडे पैसे मागत नाही आहात. 'बुक झालं, तारीख अमुक' असं उत्तर आलं तर बिल रुळावर आहे. 'दिसत नाहीये' किंवा 'होल्डला आहे' आलं तर त्याच दिवशी कारण विचारून घ्या. ज्यादा मालाचं म्हणाल तर ऑर्डरमध्येच 'अधिक उणे 3 टक्के चालेल' असं लिहून घ्या, मग सिस्टीम अडवत नाही.

तारखेवरही लक्ष ठेवा. तुम्ही दिवस मोजता बिलाच्या तारखेपासून, ते मोजतात बिल आवक झाल्यापासून किंवा माल तपासून पास झाल्यापासून. नुसत्या या फरकात बारा पंधरा दिवस जातात आणि दोघांनाही वाटतं आपलंच बरोबर.

वसुलीसम्राट

सगळे फार सभ्य आहात. माझा अनुभव सांगतो. मी महिन्याला दीड टक्का व्याज बिलावर छापलंय, वर्षाला 18 टक्के होतं, कोर्टात बिनतोड चालतं. उशीर झाला की व्याजाची डेबिट नोट पाठवायची, संपला विषय.

कायदेशीर_खुलासा

वसुलीसम्राट, 'बिनतोड' म्हणण्याआधी जरा थांबा. नुसतं बिलावर छापलेलं व्याज हा माल दिल्यानंतर तुम्ही एकतर्फी लिहिलेला मजकूर आहे, असं समोरचा वकील सांगतोच. करार ऑर्डर स्वीकारली तेव्हा झाला, त्यात व्याज होतं का हा प्रश्न येतो. कोटेशनमध्ये किंवा ऑर्डर स्वीकारल्याच्या पत्रात अट असेल आणि त्यावर त्यांची सही किंवा निदान 'मान्य' अशी मेल असेल तर बाजू भक्कम होते. वर्षानुवर्षं तीच अट असलेली बिलं त्यांनी विनातक्रार घेतली असतील तर त्याचाही थोडा आधार मिळतो, पण त्यावर विसंबू नका.

दर पण बेताचा हवा. बऱ्याच ठिकाणची कोर्टं नुकसानीच्या मानाने अवाजवी वाटणारा दंड उचलून धरत नाहीत. तुमच्या ओव्हरड्राफ्टच्या दराच्या थोडा वर असलेला दर सहज समजावता येतो, महिन्याला 5 टक्के नाही समजावता येत.

आणि एक, करारात काहीच नसलं तरी काही देशांत कायदाच व्याज देतो. युरोपियन युनियनच्या 2011 च्या निर्देशात मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दराच्या वर किमान 8 टक्के आहे, ब्रिटनच्या 1998 च्या कायद्याखालीही बेस रेटच्या वर 8. भारतात 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तुम्ही जिथे असाल तिथलं बघून घ्या, कारण कधीकधी आपण छापलेला दर कायद्याने मिळणाऱ्या व्याजापेक्षा कमी असतो.

वसुलीसम्राट

तिप्पट? हे माहीत नव्हतं. वाचतो.

डेबिटनोट_ग्रस्त

वसुलीसम्राट, डेबिट नोटा पाठवता ते ठीक, पण त्यांचे पैसे किती जणांनी दिले? आमच्याकडे असं व्हायचं की गिऱ्हाईक मूळ रक्कम द्यायचं आणि व्याजाच्या नोटेकडे ढुंकून बघायचं नाही. खात्यात व्याजाची बाकी साठत गेली. वर्षाअखेर खातं जुळवायला त्यांचं पत्र आलं की आमचा आकडा वेगळा, त्यांचा वेगळा, आणि जे व्याज कधी मिळणारच नाही ते आमच्या पुस्तकात उत्पन्न म्हणून बसलेलं. आता आम्ही व्याज प्रत्यक्ष मिळेपर्यंत उत्पन्नात घेतच नाही, नुसती वेगळी नोंद ठेवतो.

वसुलीसम्राट

खरं सांगायचं तर पूर्ण व्याज फार थोडे देतात. पण नोट गेली की मूळ रक्कम हलते, हे मी पाहिलंय. मी नोटेबरोबर लिहितो की येत्या दहा तारखेपर्यंत मूळ रक्कम जमा झाली तर हे व्याज माफ. मग त्यांच्या अकाउंटंटला साहेबाकडे न्यायला काहीतरी कागद मिळतो.

ताळेबंद

हे मात्र पटलं. व्याजाचा खरा उपयोग वसुलीपेक्षा सोडून देण्यात आहे. फक्त दर वेळी माफ केलंत तर तिसऱ्या वेळेपासून ते कोणी मोजत नाही, त्यामुळे माफी तारखेला बांधलेलीच हवी आणि तारीख उलटली की खरोखर लावायचं.

आणि व्याज किती लावायचं यात एक बघा. गिऱ्हाइकाला बँक 15 ने पैसे देत असेल आणि तुमचं व्याज 12 असेल, तर तुम्ही त्याला बँकेपेक्षा स्वस्त कर्ज दिलंत, तेही तारण न घेता. तो तुमचे पैसे सगळ्यात शेवटी देईल. त्याच्या कर्जाच्या दरापेक्षा तुमचा दर थोडा तरी वर हवा.

नाकासमोर

व्याजापेक्षा माल थांबवणं कितीतरी प्रभावी. आमची अट सरळ आहे, मुदतीच्या वर 10 दिवस गेले की पुढची ऑर्डर मशीनवर चढत नाही. ज्याला माल हवाय तो पैसे देतो. अर्थात हे तेव्हाच चालतं जेव्हा तुमच्याशिवाय त्याचं अडतं. नाहीतर तो शेजारच्याकडे जातो आणि तुमची जुनी बाकीही लटकते.

बेरीज_वजाबाकी

सूट छापणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. लोक पंचविसाव्या दिवशी पैसे देतात आणि तरी 2 टक्के कापून घेतात. आपण फोन केला की 'अहो दोन हजारांसाठी काय'. आणि एकदा सोडलं की ती त्यांची रीतच होते.

डेबिटनोट_ग्रस्त

अगदी अगदी! यावर आम्ही उपाय काढला, बिलातून काहीच कापू द्यायचं नाही. पूर्ण रक्कम वेळेत जमा झाली की सवलतीची क्रेडिट नोट आम्ही काढतो आणि ती पुढच्या बिलात वळती होते. सूट द्यायची की नाही याची दोरी आपल्या हातात राहते.

कोपरापासून_नमस्कार

आमची गिऱ्हाइकं असलं ऐकणार नाहीत. त्यांना कापलेला आकडा लगेच हवा असतो. पुढच्या बिलाचं कोणी बघितलंय?

डेबिटनोट_ग्रस्त

जे नियमित माल घेतात त्यांनाच चालतं हे खरं. एकदाच येणाऱ्याला नाही चालणार. पण एकदाच येणाऱ्याला उधार तरी कशाला, त्याच्याकडून निम्मे आगाऊ घ्या.

सूट करासकट रकमेवर की कर सोडून, हेही लिहून ठेवा. नाहीतर त्यांचा हिशोब एक, आपला दुसरा, आणि शंभर दोनशेच्या फरकासाठी अख्खं बिल उघडं राहतं. क्रेडिट नोटेत कराचं काय करायचं ते आपल्या अकाउंटंटला आधी विचारा.

छापखानेवाली

सगळ्यांचे आभार, वाचून डोकं बऱ्यापैकी जाग्यावर आलं. सगळ्यांना सूट हा विचार सोडला. पण ताळेबंद, एकट्या ख ला दिली तर? समजा 20 दिवसांची.

ताळेबंद

एकट्या ख ला दिली तर चित्र बदलतं. 65 वरून 20 म्हणजे 45 दिवस आधी. 2 टक्के दिलेत तर वर्षाचा दर साडेसोळा पडतो, तुमच्या 14 च्या वर. दीड टक्का दिलात तर सव्वाबाराच्या किंचित वर, म्हणजे 14 च्या खाली. महिन्याला 9 हजार सूट जाईल, 9 लाख मोकळे होतील आणि ओव्हरड्राफ्टचं साडेदहा हजार व्याज वाचेल. नफा मोठा नाही, पण 9 लाख हातात आले हे मोठं.

त्यांना परवडेल का? त्यांचा पैसा बँकेत किंवा कर्ज कमी करण्यात 8-9 टक्के मिळवत असेल तर तुमचे बारा टक्के त्यांना चांगलेच. पण हे बोलणं बिलं बुक करणाऱ्या माणसाशी नको, त्याला सूट मिळाली काय न मिळाली काय सारखंच. फायनान्सच्या प्रमुखाशी बोला.

नाकासमोर

एक शंका. आधी पलीकडच्या टेबलवाल्यांनी सांगितलं तसा होल्डचा घोळ निस्तरला आणि 65 चे 45 झाले, तर मग ही दीड टक्क्याची सूट महाग नाही का पडणार?

ताळेबंद

पडेल. मग 25 दिवसांसाठी दीड टक्का म्हणजे 22 टक्क्यांच्या वर जातो. म्हणून आधी घोळ निस्तरा, दोन तीन महिने बघा खरा दिवस कुठे स्थिरावतो, मग सूट ठरवा.

कोपरापासून_नमस्कार

आणि तोपर्यंत पगार कशातून द्यायचे? ओव्हरड्राफ्टची मर्यादा संपली असेल तर 14 टक्क्यांचा हिशोब काय कामाचा? तेव्हा 14 ने पैसा मिळतच नसतो. मोठी ऑर्डर आलीय, कागद घ्यायला पैसे नाहीत, ऑर्डर सोडली तर गेलेला नफा 22 टक्क्यांपेक्षा जास्त असेल. मी सुरुवातीपासून हेच म्हणतोय.

ताळेबंद

हा मुद्दा बरोबर आहे आणि याला माझ्याकडे सरसकट उत्तर नाही. मर्यादा संपली की तुलना बँकेच्या दराशी करायची नसते, हुकणाऱ्या ऑर्डरच्या नफ्याशी करायची असते. पण अशा वेळी त्या एका बिलापुरती सूट द्या, 'या बिलाचे पैसे या शुक्रवारपर्यंत सुटले तर दीड टक्का'. कायमची अट करू नका, ती नंतर काढून घेता येत नाही.

पलीकडच्या_टेबलावरून

एका बिलापुरती सूट आमच्याकडे पण मान्य व्हायची, विशेषतः वर्षाअखेरीला. फक्त ते बिल आधीच बुक झालेलं असायला हवं. होल्डवरच्या बिलाला कोणीच हात लावत नाही.

छापखानेवाली

आज ख च्या अकाउंट्सला फोन केला, तुम्ही सांगितलंत तसाच, नुसतं बुक झालं का विचारायला. तीन बिलं होल्डवर होती! दोन ज्यादा मालामुळे आणि एकावर ऑर्डर नंबरच चुकीचा आहे असं म्हणाले, तो त्यांच्याच खरेदी विभागाने बदललाय. खरेदीवाल्यांना मेल केली आहे, 3 टक्क्यांची अट पुढच्या ऑर्डरमध्ये टाकतो म्हणालेत, लेखी अजून आलेलं नाही.

व्याजाची अट नवीन कोटेशनमध्ये घालतेय, ग वाल्यांसाठी पण. शब्द बघा बरं: 'माल पोचल्याच्या तारखेपासून 30 दिवसांत पूर्ण रक्कम देय. त्यानंतर थकीत रकमेवर वार्षिक 18 टक्के दराने दिवसांप्रमाणे व्याज.' चालेल?

कायदेशीर_खुलासा

'माल पोचल्याच्या' च्या जागी 'पोच चलनावर सही झाल्याच्या' करा, म्हणजे तारखेवर वाद नको. आणि एक वाक्य वाढवा, काही मालाबद्दल तक्रार असेल तर 7 दिवसांत लेखी कळवावी आणि तक्रारीत नसलेली रक्कम वेळेवर द्यावी. नाहीतर एका खराब खोक्यासाठी पूर्ण बिल अडवतात.

वसुलीसम्राट

आलेला पैसा आधी व्याजात जाईल की मूळ रकमेत, तेही लिहा. मी आधी व्याजात वळवतो.

डेबिटनोट_ग्रस्त

मी उलट. व्याजात वळवलं की त्यांच्या पुस्तकात बिल चुकतं झालेलं असतं आणि आपल्या पुस्तकात उघडं, मग जन्मभर खातं जुळत नाही.

वसुलीसम्राट

पण मूळ रकमेत वळवलं तर व्याज वाढायचं थांबतं आणि ते कधीच येत नाही. कायदेशीर_खुलासा, तुमचं काय मत?

कायदेशीर_खुलासा

दावा लावायचा असेल तर वसुलीसम्राट, धंदा चालू ठेवायचा असेल तर डेबिटनोट_ग्रस्त. ताई, ख ला कोणत्या रांगेत बसवताय त्यावर आहे.

छापखानेवाली

ख सोबत धंदाच चालू ठेवायचाय. आधी मूळ रक्कम असंच लिहिते. पोच चलनाचं आणि सात दिवसांचं वाक्य घातलं, उद्या कोटेशन जातंय.